शटर कोणी दाबलं?

हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की त्यांच्यामागोमाग त्यांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर उतरू लागतात. समजा, तुमच्या मैत्रिणीने काढलेला असाच एक फोटो तुम्हाला फार आवडला. पहाटेचं धुकं, उथळ पाणी, ओळीने उभे असलेले रोहित आणि त्यांतल्या एकाने नेमके त्याच क्षणी उघडलेले गुलाबी पंख. तुम्हाला जलरंगांचा नाद. सुट्टीचा दिवस पाहून तुम्ही ते चित्र कागदावर उतरवलंत. घरच्यांना आवडलं, आणि भाचीने सुचवलं, “मावशी, याची शुभेच्छापत्रं छापून घे, दिवाळीच्या प्रदर्शनात हातोहात खपतील.”

चित्र तुमच्या हातचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते ज्या फोटोवरून उतरलं तो फोटो तुमचा नाही, आणि शुभेच्छापत्रं छापायची म्हटली की त्या फोटोवरचा हक्क मध्ये येतो. रांगोळी काढणारे, केकवर चित्र उमटवणारे, मातीच्या मूर्ती करणारे, घरच्या घरी कॅलेंडर छापणारे अशा सगळ्याच हौशी मंडळींपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. बहुतेक जण तो “नाव दिलं म्हणजे झालं” असं म्हणून निकालात काढतात. कायदा तसं म्हणत नाही.

आपल्याकडे हा विषय १९५७च्या कॉपीराइट कायद्यात येतो. या कायद्यात फोटो हा चित्र आणि शिल्प यांच्या पंक्तीत, म्हणजे कलाकृतींमध्ये बसवलेला आहे, आणि त्यात कलेचा गुण असलाच पाहिजे अशी अट नाही. फोनवर सहज काढलेला फोटोही त्यात येतो. फोटोचा कर्ता कोण, याचं उत्तर कायद्याने एका ओळीत दिलं आहे: फोटो काढणारी व्यक्ती. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात © ही खूण टाकावी लागत नाही, नावाचा शिक्काही लागत नाही. नोंदणीची सोय आहे, ती पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते, पण हक्क तिच्यावर अवलंबून नाही. फोटो निघाला त्या क्षणी तो हक्क निर्माण झालेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच: शटर कोणी दाबलं? कॅमेरा कोणाचा होता, भिगवणच्या होडीचं भाडं कोणी भरलं, फोटोत कोण दिसतंय, यांवरून फोटोचा मालक ठरत नाही. “फोटोत मीच आहे, म्हणजे फोटो माझाच” हा समज तर सगळीकडे आढळतो. मैत्रिणीने तुमचा काढलेला फोटोसुद्धा कॉपीराइटच्या दृष्टीने मैत्रिणीचाच असतो. फोटोत दिसणाऱ्या माणसालाही स्वतःच्या खासगीपणाबद्दल हक्क असतात, पण ते वेगळ्या वाटेने येतात. त्यामुळे एखाद्या लहान मुलाच्या फोटोवरून व्यक्तिचित्र करून ते प्रदर्शनात मांडायचं असेल, तर छायाचित्रकाराचा होकार पुरत नाही, मुलाच्या आईवडिलांनाही विचारायला हवं.

शटरच्या नियमाला आपल्या कायद्यात एक मोठा अपवाद आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. कोणी सांगून, पैसे मोजून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला असेल, तर तुमच्या लग्नाचे फोटो साधारणपणे तुमचे. पण हल्ली अनेक छायाचित्रकार कामाआधी जो करार पुढे करतात त्यात हक्क स्वतःकडे ठेवल्याचं कलम असतं, आणि आपण मुहूर्ताच्या गडबडीत सही करून मोकळे होतो. तो कागद काढून एकदा वाचावा. याउलट मावसभावाने हौसेने, एक पैसाही न घेता काढलेले त्याच लग्नाचे फोटो मावसभावाचे असतात. एकाच मांडवात, एकाच वरमालेच्या वेळी दोन माणसांनी दोन फोटो काढले, तर त्यांचे मालक असे दोन वेगळे निघू शकतात. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर सहसा मालकाचा हक्क असतो, हा दुसरा अपवाद. मैत्रीण एखाद्या मासिकात छायाचित्रकार म्हणून पगारावर असेल, तर भिगवणची ती फेरी सुट्टीतली होती की मासिकासाठीची, हे विचारून घ्यावं लागेल.

याहून जास्त वेळा फसगत होते ती फॉरवर्डमुळे. मैत्रिणीकडून आला म्हणून फोटो मैत्रिणीने काढला असं होत नाही. तिला तो तिच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटावर मिळालेला असू शकतो, आणि “छान आहे ना?” एवढंच म्हणून तिने तो पुढे ढकलेला असू शकतो. अशा फोटोसाठी तिने मोकळ्या मनाने “वापर की गं” म्हटलं, तरी त्या होकाराला किंमत नाही, कारण जे तिचं नाही ते ती देऊ शकत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमधली कॅमेऱ्याची माहिती गळून पडलेली असते, त्यामुळे फाइलकडे पाहून काही कळत नाही. तिच्याकडे मूळ फाइल मागावी. ज्याने फोटो काढला त्याच्याकडे ती मोठ्या आकाराची, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं नाव असलेली असते, शिवाय त्याच पहाटेचे मागचे-पुढचे चार फोटोही असतात. मागितल्यावर हे काहीच निघालं नाही, तर बहुधा तो फोटो तिचा नाही.

आता फोटोचा मालक सापडला. पण प्रत्येक वापराला परवानगी लागते का? नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी रास्त प्रमाणात केलेली नक्कल कायद्याला चालते. फोटो समोर ठेवून घरी सराव केला, ते चित्र वहीत राहिलं किंवा आपल्याच भिंतीवर लागलं, तर कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. चित्र घराबाहेर पडलं की हिशेब बदलतो. इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणजे ते लोकांपर्यंत पोचवणं, शुभेच्छापत्रं छापणं म्हणजे प्रती काढणं, आणि या दोन्ही गोष्टींचा हक्क मालकाकडे राखलेला असतो. “मी पैसे कमावत नाही” या बचावाला फारसा अर्थ नाही. फुकट वाटलेली शंभर पत्रं या शंभर प्रतीच असतात. पैसे न कमावल्याचा फायदा पुढे, भरपाई किंवा शिक्षा ठरवताना, झाला तर होतो.

इथे एक शंका हमखास येते. मी फोटोची झेरॉक्स काढलेली नाही, हाताने रंगवलंय, माध्यम बदललंय, मग ती नक्कल कशी? कायदा म्हणतो, कलाकृतीची कोणत्याही भौतिक स्वरूपातली पुनर्निर्मिती ही तिची प्रतच. सपाट चित्रावरून त्रिमितीत काही घडवलं किंवा त्रिमितीतल्या वस्तूवरून सपाट चित्र केलं, तर तेही त्यात येतं, असं कलमातच लिहिलेलं आहे. फोटोवरून केलेली रांगोळी, फोंडंटचा केक, शाडूची मूर्ती, कुणीच त्यातून सुटत नाही.

हे किती गंभीरपणे घेतलं जातं, याचं अमेरिकेतलं एक प्रकरण सांगण्याजोगं आहे. आर्ट रॉजर्स नावाच्या छायाचित्रकाराने १९८० साली एका जोडप्याचा फोटो काढला. बाकावर बसलेले नवरा-बायको आणि त्यांच्या हातांवर ओळीने मांडलेली कुत्र्याची आठ पिल्लं. पुढे या फोटोची पत्रं छापून दुकानांत विकली जाऊ लागली. जेफ कून्स या तेव्हाच गाजू लागलेल्या शिल्पकाराने ते पत्र विकत घेतलं, त्यावरचा कॉपीराइटचा मजकूर फाडून टाकला आणि ते पत्र इटलीतल्या कारागिरांकडे पाठवलं. हुबेहूब असंच लाकडात घडवा, अशा सूचना दिल्या. पिल्लं निळी रंगवली, नवरा-बायको दोघांच्याही केसांत फुलं खोवली, आणि १९८८च्या प्रदर्शनानंतर अशी तीन शिल्पं मिळून ३ लाख ६७ हजार डॉलरना विकली. फोटोतल्या गृहस्थाच्या ओळखीच्या कोणीतरी वर्तमानपत्रात शिल्पाचं छायाचित्र पाहिलं. त्याला वाटलं, हा तर तोच फोटो, नुसता रंगवलाय. तिथून गोष्ट रॉजर्सच्या कानांवर गेली.

कून्सचं म्हणणं होतं की आपण समाजातल्या उथळ अभिरुचीची खिल्ली उडवली आहे. न्यायालयाने १९९२ साली ते फेटाळलं. बाकावर बसलेलं जोडपं आणि मांडीवर पिल्लं या कल्पनेवर रॉजर्सचा हक्क नव्हता, हे न्यायालयाने मान्य केलं. पण त्याने जशी माणसं बसवली, पिल्लं ज्या क्रमाने मांडली, चेहऱ्यांवर जे भाव टिपले, प्रकाश जसा पाडला, ते सगळं कून्सने जसंच्या तसं उचललं होतं. फाडून टाकलेला मजकूर तर त्याच्या अंगलटच आला, कारण त्यातून त्याला सगळं ठाऊक होतं हे दिसलं. अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण तिथे बदल करून वापरायला जी थोडी सैल, प्रसंगानुसार ठरणारी मुभा आहे, तीसुद्धा कून्सला वाचवू शकली नाही. आपल्याकडे तर अपवादांची यादी कायद्यात बांधून दिलेली आहे. “तीस टक्के बदल केला की चालतं” हे वाक्य चित्रकलेच्या वर्गांतून फार फिरतं. असा टक्का कोणत्याही कायद्यात नाही.

या निकालातच हौशी चित्रकाराला मोकळी असलेली वाटही दिसते. कल्पना कोणाचीही नसते, ती मांडण्याची रीत कोणाची तरी असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली एका नाटक आणि चित्रपटाच्या वादात हेच सांगितलं होतं. रोहित पक्षी, त्याचा गुलाबी रंग, उथळ पाणी, धुकं यांवर तुमच्या मैत्रिणीची मालकी नाही. दहा वेगवेगळे फोटो पाहून पक्ष्याची मान कशी वळते, पंखांतली काळी पिसं कुठे सुरू होतात हे समजून घेतलंत आणि मग ओळ तुमची, कोन तुमचा, प्रकाश तुमचा असं चित्र केलंत, तर कोणाकडेही जायची गरज नाही. स्वतःचं चित्र खरंच स्वतंत्र झालं आहे का, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. मूळ फोटो आणि चित्र शेजारी ठेवून तिसऱ्या माणसाला दाखवा. “हे याच्यावरून केलंय” असं तो लगेच म्हणाला, तर परवानगी घ्या.

मैत्रिणीची परवानगी घेण्यात अवघड काही नाही, फक्त ती लेखी हवी. कायद्यात परवाना लेखी असावा असं म्हटलं आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर सहीची अट राहिलेली नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे ईमेल किंवा संदेशही लेखी मानता येतो. मैत्रीत कागदपत्रं कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण लेखी होकारातसुद्धा काय लिहिलं नाही, यालाही कायद्यात अर्थ आहे. मुदत लिहिली नाही, तर परवानगी पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर ती भारतापुरती. घेतलेली परवानगी वर्षभरात वापरलीच नाही आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ती संपल्यात जमा. “हो गं, खुशाल वापर” एवढ्या उत्तरावर छापलेली पत्रं सहाव्या वर्षी पुन्हा छापताना, किंवा न्यू जर्सीतल्या नणंदेने तिथल्या महाराष्ट्र मंडळात विकायला मागितली तर, तुमच्याकडे कायद्याने परवानगी उरलेली नसते. तेव्हा मैत्रिणीला साधारण असं लिहावं:

“अगं, तू भिगवणला काढलेल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोवरून मी जलरंगात चित्र केलंय. फोटो आणि चित्र दोन्ही सोबत पाठवतेय. हे चित्र फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकायला, प्रदर्शनात मांडायला आणि त्याची शुभेच्छापत्रं छापून विकायला तुझी परवानगी हवी आहे. आत्ता दोनशे पत्रं काढतेय, पुढे पुन्हाही काढेन. परवानगी फोटोवर तुझा हक्क असेपर्यंत आणि जगभरासाठी असावी. प्रत्येक पत्राच्या मागे मूळ छायाचित्र तुझं असल्याचं नावासह छापेन. फोटो तूच काढलास ना, तेही लिही. पैशांचं काय ठरवायचं ते मोकळेपणाने सांग. हे सगळं मान्य असेल तर तसं उत्तर पाठव.”

या संदेशात चित्र पाठवलं आहे, ते मुद्दाम. कारण कर्त्याला आणखी एक हक्क असतो, आणि तो पैसे घेऊन फोटोचे सगळे हक्क विकून टाकले तरी त्याच्यापाशी राहतो. आपलं नाव लागावं हा, आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला धक्का बसेल असं काही होऊ नये हाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं आणि त्याची नासधूस झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई ठरवली. तुमच्या रोहितांवर एवढी वेळ येणार नाही. पण मैत्रिणीच्या फोटोवर एखाद्या पक्षाची घोषणा किंवा अचकट विनोद डकवायचा असेल, तर तिला आधी दाखवलेला बरा. आणि हा होकार फोनमध्ये ठेवून भागत नाही. फोन बदलला की जुनी संभाषणं जातात, म्हणून त्याची प्रत ईमेलवर पाठवून ठेवावी.

मैत्रीण निदान फोनवर सापडते. इंटरनेटवरच्या फोटोचा मालक आधी शोधावा लागतो. “गूगलवरून घेतला” याला तसा काहीच अर्थ नाही, गूगल फक्त दुसऱ्याच्या पानावरचा फोटो दाखवतं. पिंटरेस्टवर तर कोणाचाही फोटो कोणीही लावलेला असतो. फोटो गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय या शोधयंत्रात टाकला की तो आणखी कुठेकुठे आहे ते दिसतं. टिनआयवर सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रत वर आणण्याची सोय आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पानाकडे बोट दाखवू लागल्या, तर मूळ छायाचित्रकार बहुधा तिथेच भेटतो. तिथे संपर्काचा पत्ता असतो, आणि हौशी माणसाने नम्रपणे, वापर नेमका सांगून विचारलं तर कित्येक छायाचित्रकार हो म्हणतात. काहीच उत्तर आलं नाही, तर ते नकारासारखंच समजायचं. मालक सापडत नाही म्हणून फोटो बेवारस ठरत नाही.

विचारायची वेळच येऊ नये, असे फोटोही भरपूर आहेत. गूगलच्या चित्रशोधात Tools खाली Usage Rights मध्ये Creative Commons licenses असा पर्याय आहे. विकिमीडिया कॉमन्स हे तर अशाच फोटोंचं भांडार आहे, आणि तिथे रोहित पक्षी Phoenicopterus roseus या शास्त्रीय नावाने शोधला की डझनावारी सापडतात. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे छायाचित्रकाराने सगळ्या जगाला आधीच देऊन ठेवलेली परवानगी. ती काही अटींवर असते आणि अटी अक्षरांत लिहिलेल्या असतात. आपल्या शुभेच्छापत्रांना त्या एकेक लावून पाहू.

फोटोखाली CC0 असेल तर काहीच अट नाही. CC BY असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना द्यायचा, बदल केलेत हे सांगायचं, मग पत्रं खुशाल विका. CC BY-SA असेल तरीही विका, पण तुमचं चित्रही त्याच परवान्याखाली खुलं करावं लागतं. म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी तुमचं नाव देऊन तेच चित्र मगांवर छापून विकलं, तर तुम्हाला हरकत घेता येणार नाही. विकिमीडियावरचे फार मोठ्या संख्येने फोटो याच परवान्याचे असतात आणि पुष्कळ चित्रकार ही अट वाचतच नाहीत. अक्षरांत NC आलं तर व्यापारी वापर बंद, म्हणजे प्रदर्शनातली विक्री गेली. ND आलं तर बदल करून केलेली कृती लोकांपुढे आणता येत नाही, आणि फोटोवरून केलेलं जलरंगातलं चित्र हा बदलच आहे. असा फोटो तुम्हाला सरावापुरताच.

पत्राच्या मागच्या बाजूला छापायची ओळ अशी होईल: “मूळ छायाचित्र: अमुक अमुक, विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0. त्यावरून जलरंगात, पार्श्वभूमी बदलून. हे चित्रही CC BY-SA 4.0 परवान्याने उपलब्ध.” शेवटचा आकडा गाळू नये. २०१३मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीत नाव द्यायचं राहिलं आणि चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांत सुधारली, तर परवाना आपोआप परत मिळतो. आधीच्या 2.0 आणि 3.0 आवृत्त्यांत अशी सवलत नाही, चूक झाली की परवाना संपला. परदेशात काही जण जुन्या आवृत्तीचे फोटो मुद्दाम पसरवतात आणि ज्यांनी नाव नीट दिलं नाही त्यांना गाठून पैसे मागतात. फुकट फोटोचं बिल येतं ते असं.

इथेही शटरचा प्रश्न सुटत नाही. वृत्तपत्रातला किंवा कोणाच्या तरी फेसबुकवरचा फोटो उचलून विकिमीडियावर “स्वतः काढलेला” म्हणून चढवणारे असतात. तिथले स्वयंसेवक असे फोटो काढून टाकतात, पण सगळे लगेच सापडतात असं नाही. फोटोचा आकार लहान, कॅमेऱ्याची माहिती गायब, आणि त्याच खात्यावरचे बाकीचे फोटो एकदम वेगळ्या धाटणीचे, वेगळ्या देशांतले असतील, तर तो सोडून दुसरा घ्यावा. डझनभर रोहितांतला एक गेला तर काय बिघडलं.

सरकारी फोटो सगळ्यांचे, हाही एक समज. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर तिथे कॉपीराइट नसतो, म्हणून नासाचे बहुतेक फोटो मोकळे असतात. भारत सरकारच्या कृतींवर मात्र प्रसिद्धीपासून साठ वर्षं सरकारचा हक्क असतो, त्यामुळे त्या त्या संकेतस्थळाने काय मुभा दिली आहे ते वाचूनच पुढे जावं. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचं चित्र काढायला मुभा आहे. गेटवेसमोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं रेखाचित्र तुम्ही तिथे बसून काढलंत, तर कोणी अडवू शकत नाही. ही मुभा चित्रापुरती आहे, पुतळ्याची छोटी प्रतिकृती ओतून विकायला नाही, आणि दुसऱ्याने काढलेला पुतळ्याचा फोटो पुन्हा त्या दुसऱ्याचाच. गणपतीच्या मंडळातली मूर्ती तर दहा दिवसांची. ती “कायमची” नसल्यामुळे कायद्यातली ही सवलत तिला लागू होत नाही, हे मूर्तीचे फोटो छापून विकणाऱ्यांच्या गावीही नसतं.

कोणी हरकत घेतलीच, तर बहुधा आधी एक ईमेल येतो: काढून टाका, किंवा पैसे द्या. न्यायालयात गेल्यास मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय सबळ कारण नोंदवून ती कमी करू शकतं. दोनशे पत्रांसाठी कोणी तुरुंगात जाईल असं मला वाटत नाही. छापून तयार असलेली पत्रं रद्दीत घालावी लागतील आणि एक मैत्रीण जाईल, हे मात्र होऊ शकतं.

आणि ज्यांना कोणाकडेच जायचं नाही, त्यांच्यासाठी जुने उस्ताद आहेत. आपल्याकडे कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं चालतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून मोजतात. फोटोंना पूर्वी प्रसिद्धीपासूनची साठ वर्षं होती. २०१२पासून त्यांनाही छायाचित्रकाराच्या आयुष्याचाच हिशेब लागतो, म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा हक्क तिच्या नातवंडांपर्यंत जाईल. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची सरस्वती आणि लक्ष्मी केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत, हव्या तितक्या पत्रांवर छापाव्यात. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांच्या चित्रांची मुदत २०१४च्या अखेरीला संपली. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांची मुखपृष्ठं आणि दिनदर्शिकांवरची चित्रं घराघरांत जपलेली असली, तरी ती ३१ डिसेंबर २०३१पर्यंत विचारल्याशिवाय छापता येणार नाहीत.